आधी एकशे आठ

हुबळीतल्या एका गॅस एजन्सीच्या काउंटरवर बसून मला एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत मी एकच गोष्ट धड शिकले. 'लीक' म्हणून ओरडणाऱ्या माणसावर एकदम विश्वास ठेवायचा नाही.

हसू नका. सांगते तसं का ते. शेगडीचा बर्नर साफ करायचा असेल, रेग्युलेटर घट्ट बसत नसेल, नवी शेगडी जोडून घ्यायची असेल, तर आमचा मेकॅनिक आज बोलावला की परवा येतो. पण लीकची तक्रार आली की हातातलं काम टाकून धावायचं, असा नियम आहे. आणि त्याचे पैसेही घ्यायचे नाहीत. झालं! हा नियम साऱ्या गावाला पाठ झाला. एका बाईंनी रडवेल्या आवाजात लीक सांगितला. मेकॅनिक धापा टाकत पोचला, तर घरात बारशाचा मांडव आणि दारात नवीकोरी शेगडी. "आलाच आहात तर एवढी जोडा," म्हणे. दुसऱ्या एका गृहस्थांना मेकॅनिकनं विचारलं, वास कुठं येतोय? तर म्हणाले, "तुम्ही येईपर्यंत येत होता बघा, तुम्हाला बघून गेला."

तेव्हा माझा स्वभाव संशयी आहे असं घरात सगळे म्हणतात, ते खरं आहे, पण तो काही मी माहेराहून आणलेला नाही. या काउंटरनं मला दिलेला आहे. लीकचा फोन आला की मी आधी आवाज ऐकायची. माणूस खरंच घाबरलेला असेल तर पत्ता चुकीचा सांगतो, नंबर विसरतो. खोटं बोलणारा सगळं व्यवस्थित सांगतो आणि वर वासाचं वर्णन करतो. "भयंकर वास हो अक्का, डोळ्यांतनं पाणी येतंय, शेजारपाजारचे जमलेत." वास जितका जास्त, तितका लीक कमी, असा माझा हिशेब. आणि एजन्सीच्या मोबाइलवर अशा लोकांचे नंबर मी 'लबाड' असं पुढं लावून साठवून ठेवले होते. लबाड विद्यानगर. लबाड केशवापूर. लबाड दुर्गदबैल.

आमच्या मालकांना हे माहीत नव्हतं. मालक भले माणूस, पण त्यांना सगळं कागदावर नीट हवं असतं. त्यांनी मध्यंतरी एक नियम काढला. कुणी घाबरून फोन केला, मेसेज केला, तर पहिलं उत्तर नंबराचं. चौकशी मागनं. गॅसचा वास असेल तर एकोणीसशे सहा, हा गॅस गळतीचा नंबर, चोवीस तास चालतो. आग लागली असेल तर एकशे बारा. माणसाला काही झालं असेल तर एकशे आठ, म्हणजे अँब्युलन्स. त्यासाठी व्हॉट्सॲपवर एक तयार उत्तरसुद्धा करून ठेवलं होतं. एक बटण दाबलं की पूर्ण मजकूर जायचा: रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, लाइटचं बटण लावू नका आणि काढू नका, घराबाहेर या, बाहेरून १९०६ ला फोन करा.

मजकुरात चूक काही नव्हती. चूक गावात होती. आमच्या गावात माणूस नंबराला फोन करत नाही, ओळखीला करतो. नळाचं पाणी आलं नाही तरी ओळख, रेल्वेचं तिकीट हवं तरी ओळख, दवाखान्यात खाट हवी तरी ओळख. "त्या एकोणीसशे सहावर आपलं कोण हाय अक्का? तिथं कोण उचलणार? तुम्ही आहात की." असं मला कितीदा ऐकवलं गेलंय! मी तयार उत्तर पाठवायची, आणि दोन मिनिटांत परत त्याच माणसाचा मलाच फोन. म्हणून मी त्या नियमाला मनातल्या मनात हसायची. नंबर दिला की आपलं काम संपलं, असं मालकांना वाटतं, म्हणायची.

आता लबाड दुर्गदबैलबद्दल. यांचं दुर्गदबैलात कापडाचं दुकान, इरकली साड्या आणि खणांचं. घर जुन्या हुबळीत, गल्लीतल्या गल्लीत. यांचे पूर्वज सांगलीकडून आलेले, आमचेही तिकडचेच, त्यामुळं ते मला मराठीत बोलायचे आणि हक्क दाखवायचे. वर्षभरात तीनदा यांनी लीक सांगितला होता. पहिल्यांदा बर्नर साफ करायचा होता. दुसऱ्यांदा शेगडीचं बटण फिरत नव्हतं. तिसऱ्यांदा तर कमालच केली. बाथरूममधल्या गॅस गीझरची ज्योत पिवळी दिसतेय म्हणून मेकॅनिकला बघायला बोलावलं, आणि मला सांगितलं काय, तर स्वयंपाकघरात लीक.

आमचा मेकॅनिक पन्नाशीचा, कन्नड माणूस, आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणतो. तो परत आला आणि म्हणाला, "अक्का, लीक नव्हता. पण तो गीझर बाथरूमच्या आत लावलाय. वरचा झरोकापण लहान आहे. बाहेर काढून लावा म्हणून सांगितलं त्यांना. ऐकायचे नाहीत." मी त्यातलं फक्त पहिलं वाक्य ऐकलं. लीक नव्हता. परत खोटं! मी तिथल्या तिथं फोन लावून त्या गृहस्थांना असं झापलं की काउंटरवरची रांग गप्प झाली. गीझरबद्दल एक शब्द बोलले नाही. मला राग त्यांच्या खोट्याचा आला होता, गीझरचं काय करायचं होतं मला?

ही गोष्ट घडली ती त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी. थंडीचे दिवस होते. धारवाडकडून वारा सुटला की इथं सकाळी अंगावर काटा येतो. सोमवार होता, आणि काउंटरवर आधारच्या ई-केवायसीची रांग. एका म्हाताऱ्या आजोबांचा अंगठा काही केल्या यंत्रावर उमटत नव्हता. जन्मभर शेतात राबलेला अंगठा, रेषाच राहिल्या नव्हत्या. मी तो पुसून, तेल लावून, परत पुसून दाबून धरत होते. तेवढ्यात मोबाइल वाजला. लबाड दुर्गदबैल.

मी कट केला.

परत वाजला. कट केला. "कोण हो?" आजोबांनी विचारलं. "कोणी नाही, एक खोटारडे आहेत," मी म्हणाले. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मला खरंच संताप आला. सोमवारी सकाळी रांग असते हे या माणसाला माहीत, आणि आजच याच्या शेगडीला धाड भरली! तिसऱ्यांदाही कट केला.

मग मेसेज आला. पडद्यावर फक्त सुरुवात दिसत होती. "हॅलो. अक्का अर्जंट हाय." पुढं तीन टिंबं.

अर्जंट! मला हसू आलं. यांचं कधी अर्जंट नसतं? मी आजोबांचा अंगठा सोडला नाही. यंत्र हिरवं झालं, आजोबांनी हात जोडले, त्यांच्या सुनेची कागदपत्रं मी बघून घेतली, आणि मग, आता एकदाचं तयार उत्तर पाठवून गप्प करू या म्हणून मोबाइल हातात घेतला. बटणसुद्धा दाबलं. १९०६ चा तो लांबलचक मजकूर खालच्या पट्टीत येऊन बसला. पाठवायचा बाण तेवढा राहिला होता. आणि त्या मजकुराच्या वर मला त्यांचा अख्खा मेसेज दिसला.

"हॅलो. अक्का अर्जंट हाय. मिसेस अंघोळीला गेलेत. गॅस गीझर चालू. हाक मारतोय उत्तर नाही. पाणी पडायचा आवाज येतोय. वास येत नाही."

माझं बोट तिथंच थांबलं. वास येत नाही! एकोणीस वर्षांत एकाही खोटारड्यानं मला असं सांगितलेलं नव्हतं. खोटं बोलणारा माणूस पहिल्यांदा वास घेऊन येतो. मेकॅनिक हवा असेल तर वास नाही असं कोण लिहील? म्हणजे हे खरं होतं. माझ्या संशयानंच मला ते सांगितलं.

आणि वास नसणं म्हणजे काय, हे आमच्या प्रशिक्षणात आम्हाला घोटून घोटून सांगितलेलं असतं. गॅस गळला तर वास येतो, तो मुद्दाम घातलेला असतो. पण बंद बाथरूममध्ये गीझर जळत राहिला की हवा संपते, आणि त्या जळण्यातून जो विषारी वायू तयार होतो त्याला वास नसतो, रंग नसतो. आत अंघोळ करणाऱ्याला आधी डोकं जड वाटतं, मग पायातलं बळ जातं. कडी काढायला उठावं म्हटलं तरी उठता येत नाही. याला लीकचा नंबर काय कामाचा? एकोणीसशे सहाला फोन केला असता तर तक्रार नोंदली गेली असती आणि फिरून आमच्याकडेच मेकॅनिक पाठवा म्हणून आली असती. रेग्युलेटर तपासायला माणूस गेला असता, आणि ती बाई आत पडलेली.

मी तो तयार मजकूर पुसला. जेवढं सुचलं तेवढं लिहिलं: "आधी 108. शेजाऱ्यांना लावायला सांगा. तुम्ही दार फोडा. मोकळ्या हवेत आणा. सिलिंडर बंद करा."

पाठवलं. दोन निळ्या खुणा लगेच झाल्या. माणूस मोबाइलकडे डोळे लावूनच उभा होता.

मी त्यांना फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाही. आणि बघा माझी जात कशी आहे! त्या क्षणीसुद्धा मनात आलंच, हे नाटक तर नसेल? मागच्या वेळी झापलं त्याचा सूड तर नसेल उगवत? मी स्वतःलाच शिवी दिली आणि टेबलावरच्या फोनवरून एकशे आठ फिरवला. पत्ता आमच्या कॉम्प्युटरवर ग्राहकांच्या यादीत होताच. पलीकडच्या मुलीनं कन्नडमध्ये विचारलं, पेशंट शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का. मी म्हटलं, "गोत्तिल्ला, मला माहीत नाही, मी तिथं नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालू आहे." पत्ता ऐकून ती म्हणाली, याच पत्त्यावरून आत्ताच एक फोन आलाय, गाडी निघाली आहे.

मी खुर्चीत बसले. रांगेतले लोक माझ्याकडे बघत होते. म्हणजे कुणीतरी शेजाऱ्यानं खरंच फोन केला होता. म्हणजे नाटक नव्हतं.

अण्णा मागं गोडाऊनच्या दारात चहा पीत उभा होता. मी ओरडले, "अण्णा, जुनी हुबळी, ते कापडवाले! बेगा होगरी, लवकर जा!" त्यानं कप तसाच ठेवला आणि स्कूटरला किक मारली.

पुढचा अर्धा तास मी काय केलं ते मला आठवत नाही. काउंटर चालू होता म्हणतात. कुणाच्या तरी कार्डावर मी दुसऱ्याचंच नाव घातलं होतं, ते नंतर निघालं. एवढंच आठवतं की दर दोन मिनिटांनी मी मोबाइल उलटा करून बघत होते. ती बाई गेली तर? मी तिला एकदाच पाहिलं होतं, सिलिंडरचं कार्ड बदलायला आली होती, बारीक अंगाची, कपाळावर ठसठशीत कुंकू. "आमच्या यांना फार घाई असते, तुम्ही मनावर घेऊ नका," असं मला म्हणाली होती.

अण्णाचा फोन आला. "आहे अक्का, जीव आहे."

मी काउंटरवरच रडले. सगळ्यांसमोर.

मग त्यानं सांगितलं ते असं. बाथरूमचं दार प्लॅस्टिकचं होतं. गृहस्थांनी दोन लाथांत ते पाडलं. बाई नळाजवळ कुशीवर पडलेली. यांनी तिला ओढून बाहेरच्या पॅसेजमध्ये आणलं, सिलिंडरचं बटण बंद केलं, शेजारच्या बाईनं अंगावर लुगडं टाकलं. अँब्युलन्सच्या माणसांनी आल्याबरोबर तोंडाला ऑक्सिजन लावला आणि गाडीत घातलं. अण्णा गेला तेव्हा गाडी गल्लीच्या तोंडाला होती. त्यानं आत जाऊन गीझर पाहिला. "अक्का, वरचा झरोका होता ना, त्यात जुने खण कोंबलेत. चार-पाच. वारा येतो म्हणून." दुकानातले, शिवून उरलेले खणाचे तुकडे. थंडी लागते म्हणून तिनंच कोंबले असणार, बारीक अंगाची बाई ती.

दुपारी मालक आले. त्यांना बातमी आधीच लागली होती. त्यांनी माझा मेसेज स्वतःच्या डोळ्यांनी वाचला, सगळ्या स्टाफला बोलावून वाचून दाखवला. "बघा. नंबर पहिल्यांदा. थोडक्यात. आणि बरोबर नंबर. याला म्हणतात काम." माझं तोंड गोड केलं. मी पेढा खाल्ला.

मालकांनी मेसेज वाचला, पण त्याच्या वर सरकवून बघितलं नाही, आणि कॉल्सची यादीही बघितली नाही. तिथं दहा एकेचाळीसला पहिला फोन होता. त्यांचा मेसेज दहा चव्वेचाळीसचा. माझं उत्तर दहा सत्तेचाळीसचं. सहा मिनिटं. त्या बाथरूममध्ये ती बाई जमिनीवर पडलेली असताना मी सहा मिनिटं एका अंगठ्याला तेल लावत होते. मालक गेल्यावर मी ते तीन कॉल यादीतून पुसून टाकले. आता लिहायचंच आहे तर हेही लिहिते.

दोन दिवस गेले. आणि मग काउंटरवर येणारी माणसं मला वेगळंच ऐकवू लागली. "अक्का, तुम्ही म्हणे एका मिनिटात उत्तर दिलंत?" "दुर्गदबैलात सगळीकडं तुमचंच नाव हाय." "ते कापडवाले सांगत होते, त्यांनी तिकडून मेसेज टाकला आणि इकडून लगेच उत्तर आलं म्हणून." मला काही सुधरेना. एका मिनिटात? त्या माणसाच्या मोबाइलवर तर ती वेळ छापलेली होती. त्यानं तीन फोन केले होते आणि मी तीनही कट केले होते, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? मग तो असं का सांगत फिरतोय?

माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. यात काहीतरी आहे. आधी गोड बोलायचं, गावभर नाव करायचं, आणि मग एके दिवशी काउंटरवर येऊन हळूच म्हणायचं, अक्का, तुमची ती गोष्ट मी कुणाला सांगितली नाही हं, आता एवढं माझं काम करून टाका. असल्या माणसांना मी काय ओळखत नाही? मला रात्रभर झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि दवाखान्यात गेले. बाईला बघायचं होतं हे खरंच, पण त्याहून जास्त मला त्याचा डाव बघायचा होता.

बायकांच्या वॉर्डबाहेर बाकावर ते बसले होते. दाढी वाढलेली, अंगावर सोमवारचाच शर्ट असावा. मला बघून उठले. "अक्का, तुम्ही कशाला त्रास घेतला?"

"वहिनी कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. बोलतात. जरा विसरायला होतंय, डॉक्टर म्हणाले लक्ष ठेवा, परत दाखवायला या."

"मग तुम्ही बाहेर का?"

त्यांनी पडद्याकडे बघितलं. मला वाटलं, आता डाव निघेल. मी सरळच विचारलं, "तुम्ही लोकांना काय सांगत फिरताय? मी लगेच उत्तर दिलं म्हणून? मी तुमचे फोन कट केले होते. तुम्हाला माहीत आहे."

"हां."

"मग? काय हवंय तुम्हाला?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले की मलाच लाज वाटली. "मला काय पायजे अक्का?" ते म्हणाले. "तुमची नोकरी जायाला नको. आणि तुम्ही कट केला त्यात तुमचं काय चुकलं? माझा नंबर बघून मीबी कट केला असता."

मी पडदा बाजूला करून आत गेले.

ती खाटेवर उशीला टेकून बसली होती. नाकाला नळी होती, तोंड सुकलेलं. कुंकू नव्हतं म्हणून मी क्षणभर ओळखलंच नाही. तिनं मला ओळखलं. हात पुढं केला, मी तो धरला.

"तुम्ही वाचवलंत अक्का."

"मी कसली? दार तुमच्या यजमानांनी फोडलं."

तिनं तोंड फिरवलं. "त्यांचं नाव काढू नका."

मला कळेना. ती आपणहूनच बोलायला लागली, हळूहळू, मध्येच थांबत. "मी विचारलं त्यांना, किती वेळ लागला तुम्हाला? म्हणाले, मी दाराबाहेर नुसता उभा होतो, काही सुचलं नाही, दहा मिनिटं गेली असतील. मग अक्कांना मेसेज केला, त्यांनी लगेच सांगितलं, मग दार फोडलं. असं स्वतःच्या तोंडानं सांगितलं मला." तिचे डोळे भरले. "सव्वीस वर्षं संसार केला हो. बायको आत पडलीय आणि हा माणूस दहा मिनिटं बाहेर उभा. माझ्या जिवाची किंमत एवढीच का? दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. आत यायचं नाही म्हणून सांगितलं."

मी डाव शोधत होते, तो हा होता! या माणसानं माझी सहा मिनिटं उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतली होती, आणि त्याची शिक्षा म्हणून बाहेर बाकावर बसला होता. मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. माझं नाव झालंच होतं, पेढाही खाऊन झाला होता. नवरा-बायकोचं काय, आठवड्यात गोड झालं असतं. हे सगळं माझ्या मनात आलं. येणारच.

"वहिनी," मी म्हटलं, "ते नुसते उभे नव्हते. ते मला फोन लावत होते. मी कट केला."

ती माझ्याकडे बघायला लागली.

"का?"

"मला वाटलं खोटं बोलतात. आधी तीनदा बोलले होते. रागानं कट केला. नंतर मेसेज आला, तोही लगेच उघडला नाही."

"किती वेळा कट केला?"

"तीन वेळा."

"म्हणजे ते पहिल्यापासून..."

"पहिल्यापासून लावत होते. बायको अंघोळीला बसलेली, एकदम दार कसं फोडायचं म्हणून बिचकले असतील, ते त्यांचं चुकलंच. पण हातावर हात ठेवून उभे नव्हते. मी पहिला फोन उचलला असता तर तुम्ही सहा मिनिटं आधी बाहेर आला असता."

तिनं माझ्या हातातून तिचा हात काढून घेतला. ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती नळीतून श्वास घेत छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्यांना आत पाठवा. आणि तुम्ही जावा आता."

मी बाहेर आले. ते बाकावरून उठले. "बोलावलंय," मी म्हटलं.

"मला?" त्यांचा विश्वास बसेना. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि आवाज एकदम खाली आणला. "काय सांगितलंत तुम्ही तिला?"

"जे होतं ते."

"कशाला हो अक्का! ती आता जन्मभर तुमच्यावर राग धरेल."

"धरू द्या," मी म्हटलं. "जावा आत."

ते गेले. पडदा हलला आणि स्थिर झाला. आत तिनं त्यांना काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही, पण थोड्या वेळानं एक माणूस रडतोय एवढं ऐकू आलं, आणि ती त्याला "पुरे हो, पुरे," म्हणत होती.